साडेतीन हजार भरून राज्यस्तरीय पुरस्कार घेऊ का?

आदरणीय मॅडम,
मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं शिकवते. आमच्या गावची बरीच मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. दोन वर्षांपूर्वी मी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला छोट्या पुस्तकांची पिशवी द्यायला आणि संध्याकाळी फोनवर वाचून घ्यायला सुरुवात केली. एका मुकादमाने खूप साथ दिली. त्याआधीच्या वर्षी परतलेल्या १७ मुलांपैकी ११ जणांचं वाचन मागे गेलं होतं, गेल्या वर्षी १८ पैकी ६ जणांचं. हे इतर शाळांनी करावं असं वाटतं, पण बैठकीत मी बोलले की कुणी फारसं मनावर घेत नाही. ज्यांच्याकडे पुरस्कार आहेत त्यांचं ऐकतात. परवा एका संस्थेचा फोन आला, ‘राज्यस्तरीय आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी तुमची निवड झाली, साडेतीन हजार नोंदणी शुल्क भरा आणि बायोडाटा पाठवा.’ घरचे म्हणतात, घेऊन टाक. मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा राष्ट्रीय पुरस्काराला अर्ज कर. पण स्वतःच स्वतःसाठी पुरस्कार मागायचा, हे मनाला पटत नाही. काय करू?
– एक शिक्षिका

प्रिय ताई,

साडेतीन हजार भरू नका. त्या पैशांत तुमच्या पिशव्यांसाठी बरीच पुस्तकं येतील. कारण मात्र फक्त पैशांचं नाही, आणि ते कळलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील, म्हणून आधी तेच सांगते.

पुरस्कारामुळे माणसाच्या शब्दाला वजन येतं, कारण देणाऱ्याने काम तपासलेलं आहे असं लोक धरून चालतात. तपासणी जेवढी कसून झालेली असेल तेवढंच ते वजन. तुम्हाला फोन करणाऱ्यांना तुमच्या पुस्तकांच्या पिशवीबद्दल एक अक्षर तरी माहीत होतं का? बायोडाटा येण्याआधीच निवड झाली, याचा अर्थ निवड झालेलीच नाही. असे कार्यक्रम कसे होतात ते मी जवळून पाहिलेलं आहे. शहरातलं एक सभागृह, एकामागून एक नावं, शाल, स्मृतिचिन्ह, मंचावर दहा सेकंदांचा फोटो आणि लगेच पुढचं नाव. त्याच सभागृहात तुमच्या तालुक्यातले आणखी चार जण असतात. तुमच्या बैठकीत बसणाऱ्या केंद्रप्रमुखांना हे पुरस्कार कुठून येतात ते चांगलं ठाऊक असतं. तोंडावर ते अभिनंदन करतील, पण तुमच्या पिशवीच्या उपक्रमाकडे पूर्वीइतकंही गांभीर्याने पाहणार नाहीत, आणि ते नुकसान साडेतीन हजारांहून मोठं आहे.

सगळ्याच खासगी संस्था अशा नसतात. काही मनापासून शोध घेतात, शाळेत माणूस पाठवतात, मुलांशी बोलतात. फरक ओळखायचा असेल तर फोन करणाऱ्याला शांतपणे विचारा: माझं नाव कुणी सुचवलं, माझं कोणतं काम पाहून निवड केली, निवड समितीत कोण आहे, यंदा एकूण किती जणांना देणार आहात आणि शाळेला भेट द्यायला कधी येता. खऱ्या निवडकर्त्याला हे प्रश्न आवडतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस ‘मॅडम, जागा मर्यादित आहेत, आजच भरा’ यावर येतो. शिवाय तुम्ही जिल्हा परिषदेच्या कर्मचारी आहात, वर्तणूक नियम तुम्हाला लागू आहेत. त्यामुळे कोणत्याही खासगी संस्थेचा जाहीर सत्कार स्वीकारण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्या.

आता मागण्याच्या संकोचाबद्दल. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. पूर्वी नावं राज्य सरकारांकडून जायची आणि शिक्षकाला स्वतःहून काही करता येत नसे. त्यात कुणाचं नाव वर पोहोचतं हे बऱ्याचदा ओळखींवर ठरायचं. २०१८ मध्ये पद्धत बदलली आणि शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा असं ठरलं. जिची कुठे ओळख नाही अशा वाडीवरच्या बाईलाही दार उघडं राहावं, हा त्यामागचा हेतू. तेव्हा अर्ज करण्यात हात पसरण्यासारखं काही नाही. तुमचं काम तपासून घ्या, असं तुम्ही त्यांना सांगता आहात.

मैत्रिणीचा सल्ला मात्र मी थोडा बदलून देईन. राष्ट्रीय पुरस्काराला अर्ज जरूर करा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. अलीकडच्या वर्षांत देशभरातल्या शाळांमधून साधारण पंचेचाळीस ते पन्नास शिक्षक निवडले जातात. त्यात महाराष्ट्राचे दोन-तीनच्या वर क्वचित असतात. मला त्या अर्जाचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. अर्ज आधी जिल्हा निवड समितीपुढे येतो. शिक्षणाधिकारी तिचे प्रमुख असतात, आणि अर्जातलं खरं आहे का ते प्रत्यक्ष पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. तिथून मोजकी नावं राज्याकडे जातात, राज्याकडून राष्ट्रीय निवड मंडळाकडे, आणि त्या मंडळासमोर शिक्षकाला स्वतः सादरीकरण करावं लागतं. म्हणजे तुमचं नाव पुढे गेलं नाही तरी, ज्या शिक्षणाधिकाऱ्यांनी तुमचा उपक्रम जिल्हाभर न्यावा असं तुम्हाला वाटतं, त्यांच्याच टेबलावर तो नीट मांडलेल्या स्वरूपात जातो. बैठकीतल्या दोन मिनिटांत हे कधी घडलं नसतं.

त्याखालच्या दोन पायऱ्या तुमच्या जास्त आवाक्यातल्या आहेत. जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार साधारणपणे तालुक्याला एक अशा हिशेबाने दिला जातो. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार आहे. तो गटवार दिला जातो, त्यामुळे अर्ज कोणत्या गटात बसतो ते आधी पाहा. या दोन्हींच्या आधीही मी तुम्हाला एक गोष्ट करायला लावीन. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे आपली एससीईआरटी, शैक्षणिक नवोपक्रम स्पर्धा घेते. तिथे बायोडाटा चालत नाही. एकाच उपक्रमाचा अहवाल लिहावा लागतो: गरज का वाटली, उद्दिष्टं काय होती, नियोजन कसं केलं, कार्यवाही कशी झाली, निष्पत्ती काय आणि सोबत परिशिष्टं. हा अहवाल एकदा नीट लिहून झाला की तुमच्या प्रत्येक अर्जाचा गाभा तयार झाला.

बहुतेक चांगले शिक्षक मागे पडतात ते या लिखाणातच. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये असताना माझ्यापुढे ज्या फायली यायच्या, त्यांतल्या निम्म्या एकमेकींच्या प्रती वाटाव्यात अशा असत. वृक्षारोपण, प्रभातफेरी, बालआनंद मेळावा, हळदीकुंकू, डिजिटल शाळा, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि शेवटी पन्नास प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. फाईल जाड व्हायची. वाचणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नसे, कारण या बाईंनी असं काय केलं जे शेजारच्या शाळेत झालं नाही, हे त्यात कुठेच नसायचं.

तुमच्या पत्रात ते आहे. फक्त अर्ज भरताना तुम्ही ते पुसून टाकाल अशी मला भीती आहे, कारण आपल्याला अर्जाची एक ठरावीक भाषा शिकवलेली असते. ती अशी: ‘स्थलांतरित विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची गोडी निर्माण व्हावी यासाठी मी विविध नावीन्यपूर्ण उपक्रम राबवले. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेत लक्षणीय वाढ झाली व पालकांमध्ये शाळेविषयी आपुलकी निर्माण झाली.’ या दोन वाक्यांत खोटं काही नाही, पण तपासता येईल असंही काही नाही. समितीतला माणूस ती वाचून पुढच्या फायलीकडे वळतो.

तुमच्याच आकड्यांवरून मी ते असं लिहीन. ज्या जागा मी रिकाम्या ठेवल्यात त्या तुमच्या वहीतून भरा.

‘आमच्या शाळेतल्या तिसरी ते पाचवीच्या … मुलांपैकी … मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पिशवी सुरू करण्याआधीच्या वर्षी परतलेल्या १७ मुलांची मी वाचनचाचणी घेतली, तेव्हा ११ मुलं जाण्याआधीच्या पातळीपेक्षा मागे गेली होती. पुढच्या हंगामात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीची … पुस्तकं असलेली कापडी पिशवी दिली. आठवड्यातून … दिवस संध्याकाळी … वाजता टोळीतल्या एका फोनवर मुलं मला आळीपाळीने वाचून दाखवत. गेल्या वर्षी परतलेल्या १८ मुलांची तीच चाचणी घेतली, तेव्हा ६ मुलं मागे गेलेली आढळली. या सहांपैकी … मुलांच्या फडावर फोनची रेंज नव्हती किंवा पालक फोन देऊ शकले नाहीत.’

एवढंच. यात ‘नावीन्यपूर्ण’ हा शब्द नाही आणि त्याची गरजही नाही. वाचणाऱ्याला मूल दिसतं, कोपीसमोर बसून फोनवर वाचणारं, आणि प्रत्येक वाक्यावर तो पुरावा मागू शकतो.

पुरावा मागणारच. म्हणून तो कोणते प्रश्न विचारेल ते सांगते, म्हणजे उत्तरं आत्ताच शोधाल. चाचणी कोणती घेतली? अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांची असेल तर तसं लिहा आणि कोणता उतारा वाचायला दिला त्याची प्रत जोडा. जाताना आणि आल्यावर एकाच अवघडपणाचा उतारा होता का? तोच उतारा दोन्ही वेळा दिला असेल तर मुलाला तो पाठ असू शकतो. वेगळा दिला असेल तर सोपा पडला असेल. दोन्हींत काही ना काही उणं राहतंच. तुम्ही काय केलं तेवढं सरळ सांगा. चाचणी कुणी घेतली? सगळी तुम्हीच घेतली असेल तर यंदा आल्यावरची चाचणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांकडून किंवा केंद्रप्रमुखांसमोर घ्या आणि त्यांची सही तारखेसह घ्या. ही एक सही पन्नास प्रमाणपत्रांहून जास्त बोलते. जी मुलं परतलीच नाहीत त्यांचं काय झालं? गेलेल्यांचा आकडा आणि परतलेल्यांचा आकडा यांत फरक असेल तर तो लपवू नका. दुसऱ्या शाळेत गेली, फडावरच राहिली, जे असेल ते लिहा.

आणखी एक प्रश्न चतुर परीक्षक विचारतोच: गावात राहिलेल्या मुलांचं वाचन त्याच काळात किती पुढे गेलं? तुमच्याकडे ती नोंद असेल तर शेजारी ठेवा. घरी राहिलेली मुलं पुढे गेली असतील आणि तुमची फडावरची मुलं जागच्या जागी राहिली असतील, तर उपक्रमाने घसरण थांबवली, अंतर भरून काढलं नाही, असं त्यातून दिसतं. तसंच लिहा. ज्याने गावाकडच्या शाळा पाहिल्यात त्याला ठाऊक असतं की घसरण थांबवणं हेच केवढं मोठं काम आहे.

टक्केवारी मात्र काढू नका. तुमच्यातलंच कुणीतरी हौसेने सांगेल की ‘घसरण जवळजवळ निम्म्यावर आली असं लिहा’. सतरा आणि अठरा मुलांवर टक्के शोभत नाहीत. दोन वर्षांची मुलंही तीच नव्हती. एखाद्या वर्षी हुशार मुलं जास्त असतात, एखाद्या वर्षी टोळी जवळच्या कारखान्यावर जाते आणि मूल मधेच दोनदा गावी येऊन जातं. ‘१७ पैकी ११’ आणि ‘१८ पैकी ६’ हे जसंच्या तसं ठेवलं की वाचणारा स्वतः अंदाज बांधतो आणि तुमच्यावर विश्वास ठेवतो.

राष्ट्रीय पुरस्काराच्या गुणांकनात शंभरातले किमान ऐंशी गुण कामगिरीच्या भागाला असतात: नावीन्यपूर्ण प्रयोग, सहशालेय उपक्रम, आणि समाजाला शाळेशी जोडणं व राष्ट्रीय एकात्मतेसारखे विषय. इथे शिक्षक गोंधळतात आणि प्रत्येक रकान्यासाठी वेगळा उपक्रम शोधायला जातात. प्रभातफेरी तिथूनच फाईलमध्ये शिरते. तुम्ही एकच धागा तिन्हींतून न्या. पिशवी आणि फोन हा प्रयोग झाला. मुलांनी फडावरून परत येऊन प्रार्थनेनंतर गोष्टी सांगितल्या असतील, स्वतःची पुस्तकं बनवली असतील, तर ते सहशालेय झालं. आणि तो मुकादम! तो तुमच्या अर्जातला सगळ्यात मोलाचा माणूस आहे. तुम्ही पत्रात त्याला एका ओळीत उरकलंय. ज्याचं काम कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, गोळा करणं आणि कारखान्याला माणसं पुरवणं, त्याने संध्याकाळी मुलांसाठी आपला फोन द्यावा, ट्रॅक्टरमध्ये पुस्तकांची पिशवी सुकी राहील अशा जागी ठेवावी, याहून समाजसहभाग काय वेगळा असतो? त्याने काय केलं, केव्हापासून केलं, पहिल्यांदा तयार कसा झाला, हे अर्धं पान लिहा. शाळा व्यवस्थापन समितीत या उपक्रमावर चर्चा झाली असेल तर त्या ठरावाची प्रत जोडा. झाली नसेल तर पुढच्या बैठकीत विषय घ्या.

कागदपत्रांबद्दल थोडं. मागच्या तारखेचा कागद आता तयार करू नका, कुणी कितीही सोपं आहे असं सांगितलं तरी. जिल्ह्याची तपासणी करायला येणारे लोक शिक्षकच असतात. शाईचा रंग आणि एकाच दिवशी एकाच हाताने भरलेली वही त्यांना लगेच ओळखू येते. त्याऐवजी जे खरंच त्या त्या वेळी झालं ते गोळा करा. मुलं कधी गेली ते हजेरीपटावरून कळतं, शिक्षण हमी कार्ड दिली असतील तर त्यांची नोंद असते, केंद्रप्रमुखांनी भेटीत पिशव्या पाहून शेरेबहीत काही लिहिलं असेल, फोनमधली कॉलची यादी असेल. तुमची खरडलेली वहीसुद्धा, डाग पडलेली असली तरी, सुवाच्य टाईप केलेल्या तक्त्यापेक्षा जास्त पटते. तक्ता करा, पण त्यामागे वहीच्या पानाचा फोटो लावा.

व्हिडिओ जोडता येतात. तिथे संगीत, गावाचं ड्रोनचित्रण, सरपंचांचं मनोगत यांत पडू नका. या हंगामात एक-दोन मुलांचं ऑक्टोबरमधलं वाचन आणि एप्रिलमधलं वाचन, न कापता, मोबाईल आडवा धरून टिपा. दोन्हींच्या सुरुवातीला तारीख आणि उतारा दिसू द्या. तेवढे दोन-तीन मिनिटांचे तुकडे पुरे. पालकांची लेखी परवानगी मात्र आधी घ्या, आणि अर्जात कुठेही मुलांची पूर्ण नावं, टोळीचा पत्ता, आईवडिलांच्या उचलीचे आकडे देऊ नका. आपल्या पुरस्कारासाठी कुणाच्या घरची अडचण उघडी पडायला नको.

फाईल दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, हेही आवर्जून सांगते. तालुक्याच्या गावी पैसे घेऊन प्रस्ताव करून देणारे असतात. त्यांची भाषा गुळगुळीत असते आणि सादरीकरणात उघडी पडते. मंडळाने मधेच थांबवून ‘पिशवीत पुस्तकं कोणती होती, मुलाने सगळ्यात आधी कोणतं काढलं?’ असं विचारलं, तर ज्याने काम केलंय तो लगेच सांगतो. दुसऱ्याची फाईल पाठ केलेला माणूस तिथेच अडखळतो. म्हणून सादरीकरणाची तयारी म्हणजे स्लाइड रंगवणं नव्हे. शेजारच्या एखाद्या कडक शिक्षकाला समोर बसवा, आकड्यांवर त्याला खोदून प्रश्न विचारायला सांगा, आणि ‘माहीत नाही, ती नोंद मी ठेवली नव्हती’ हे वाक्य न चाचरता म्हणायची सवय करा.

पात्रतेचे नियम आधी वाचा. राष्ट्रीय पुरस्काराला कंत्राटी शिक्षक चालत नाहीत, खासगी शिकवणी घेणारे चालत नाहीत, आणि चौकशी प्रलंबित नसल्याचं प्रमाणपत्र जिल्ह्याकडून लागतं. तुम्ही नियमित सेवेत असाल तर अडचण नसावी, पण पत्रक दरवर्षी नवं निघतं आणि अटी बदलतात. साधारण जून-जुलैमध्ये nationalawardstoteachers.education.gov.in या पोर्टलवर अर्ज सुरू होतात. तिथलं त्या वर्षीचंच पत्रक पाहा. गटसाधन केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारी गेल्या वर्षीची पीडीएफ धरून चालू नका. शेवटच्या दिवशी पोर्टल आणि गावातलं नेट दोन्ही साथ देत नाहीत, तेव्हा कागद आधीच स्कॅन करून ठेवा.

तुमचा खरा प्रश्न पुरस्काराचा नाही, बैठकीत तुमचं कुणी ऐकत नाही हा आहे, आणि त्याबद्दल एक खरी गोष्ट सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. हे सगळ्यांना आठवतं. पण त्यांनी आपल्या शाळेत सुरू केलेली क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांची कल्पना महाराष्ट्राने त्याआधीच स्वीकारली होती. एका शाळेतली कल्पना दुसऱ्या शाळांना जशीच्या तशी उचलता येईल अशी होती, म्हणून ती पसरली, आणि जगाच्या परीक्षकांपुढे गेली तेव्हा तिच्यामागे हा पसारा उभा होता. पुरस्कार नंतर आला.

म्हणून तुमच्यासाठी मी क्रम उलटा लावते. या जूनमध्ये नवोपक्रमाचा अहवाल लिहायला घ्या. त्यातूनच चार पानांची एक टिपणी वेगळी काढा, दुसऱ्या शिक्षकासाठी: पिशवी किती रुपयांत पडते, पुस्तकं पातळीप्रमाणे कशी निवडायची, मुकादमाशी बोलायला कोणत्या महिन्यात जायचं (टोळ्या ठरतात तेव्हा, दिवाळीच्या तोंडावर नव्हे), फोन नसलेल्या फडावर काय करायचं, आणि कोणती गोष्ट तुमच्याकडे जमली नाही. ऑक्टोबरच्या आधी केंद्रातल्या दोन शाळांना ती द्या. ज्यांची मुलं तुमच्याच मुलांबरोबर एका टोळीत जातात अशा शाळा निवडा, म्हणजे एकाच फोनवर दोन्ही गावांची मुलं वाचतील. त्या शिक्षकांनी एप्रिलमध्ये आपल्या मुलांची चाचणी घेतली की तुमच्याकडे तीन शाळांची नोंद असेल. ती बरी निघो वा वाईट. मग त्या वर्षीचा जिल्हा परिषदेचा आणि राष्ट्रीय, दोन्ही अर्ज भरा. राज्याचाही, गट जुळला तर.

पुरस्कार मिळालाच तर ५ सप्टेंबरच्या आसपासचे आठ-दहा दिवस तुमचे असतील. पत्रकार येतील, सरपंच सत्कार ठेवतील, ज्यांनी कधी विचारलं नाही ते अधिकारी फोन करतील. त्यानंतर सगळं शांत होतं, कारण पुढच्या वर्षीची नावं येतात. त्या दिवसांत प्रत्येकाला तीच चार पानं द्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे एकच मागणी करा: जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या शाळांची एक कार्यशाळा, दिवाळीच्या आधी. सत्काराच्या व्यासपीठावरून मागितलेली कार्यशाळा नाकारणं कुणालाही जड जातं. नाही मिळाला, तरी चार पानं, तीन शाळांच्या नोंदी आणि केंद्रप्रमुखांच्या सह्या तुमच्याकडे असतीलच. त्या घेऊन पुढच्या शिक्षण परिषदेत विषयपत्रिकेवर वेळ मागा, लेखी अर्ज करून, आणि बोलायला मुकादमालाही बरोबर न्या.

फोन करणाऱ्या संस्थेला ‘आभारी आहे, सध्या स्वीकारू शकत नाही’ एवढंच कळवा. कारण द्यायची गरज नाही.

तुमची,
मॅडम